कडेला कापले जाणारे पान

पीडीएफ फाइल स्क्रीनवर नीट दिसते. चारही बाजूंची किनार, खालचा पानाचा क्रमांक, उजव्या कोपऱ्यातला शिक्का सारे जागेवर असते. प्रिंट काढली की मात्र किनारीची एक बाजू गायब असते, नाहीतर पानाचा क्रमांक अर्धाच उमटलेला असतो. फाइल तीच आणि प्रिंटरही धड चालतो, तरी पान कापले जाते. छपाईच्या खिडकीत ‘Actual size’ आणि ‘Fit’ असे दोन पर्याय दिसतात. त्यांपैकी कोणता निवडायचा हे ठरवण्याआधी पान कापले का जाते, ते पाहावे लागते.

१. तीन चौकटी

छपाईच्या वेळी एकात एक बसवायच्या तीन चौकटी असतात. पहिली चौकट पीडीएफच्या पानाची. पीडीएफमधल्या प्रत्येक पानाला ठरलेली लांबी-रुंदी असते आणि ती फाइल तयार होतानाच तिच्यात नोंदली जाते. स्क्रीनवर पान लहान-मोठे करून पाहिले, तरी ही नोंद बदलत नाही. दुसरी चौकट ट्रेमधल्या कागदाची. तिसरी चौकट छपाईक्षेत्राची, म्हणजे कागदाच्या ज्या भागावर प्रिंटर प्रत्यक्ष शाई किंवा टोनर लावू शकतो त्या भागाची. ही तिसरी चौकट कागदापेक्षा सहसा थोडी लहान असते.

तसबीर चौकटीत बसवताना काचेमागे फोटो पूर्ण असतो, पण लाकडी पट्टीच्या खाचेत त्याच्या चारही कडा थोड्या झाकल्या जातात. फोटोतला चेहरा मधोमध असेल तर काही बिघडत नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा खांदा मात्र पट्टीखाली जातो. कागदाची कड आणि छपाईक्षेत्राची कड यांच्यामधली कोरी पट्टी तसबिरीच्या खाचेसारखीच असते. पीडीएफच्या पानावरचा जो मजकूर छपाईक्षेत्राबाहेर पडतो, तो उमटत नाही.

पानाचा भाग बाहेर पडणे आणि मजकूर बाहेर पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक पत्रांना आणि पुस्तकांना चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटरचा समास सोडलेला असतो. अशा पानाची कड छपाईक्षेत्राबाहेर गेली, तरी जातो तो कोरा समासच, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रमाणपत्राची किनार, निमंत्रणपत्रिकेची रंगीत पार्श्वभूमी, तळाचा पानाचा क्रमांक किंवा कडेपर्यंत नेलेला तक्ता असेल, तर तीच तूट डोळ्यांत भरते. म्हणून एकाच प्रिंटरवर एक फाइल पूर्ण छापली जाते आणि दुसरी कापली जाते.

२. प्रिंटर कडेपर्यंत का छापत नाही

लेझर प्रिंटरमध्ये अक्षरे आधी टोनरच्या कोरड्या भुकटीने कागदावर मांडली जातात. मग कागद दोन रुळांमधून जातो. त्यांतला एक तापलेला असतो. रसवंतीच्या चरकातून ऊस जावा तसा कागद दाबला जातो आणि भुकटी वितळून कागदाला चिकटते. कागदाच्या पुढच्या कडेलाच टोनर असेल, तर वितळलेला टोनर त्या कडेला रुळाशी चिकटवू शकतो. तव्याला चिकटलेले धिरडे जसे सुटत नाही, तसा कागद रुळाभोवती गुंडाळला जाऊन आत अडकू शकतो. शिवाय कागद दर वेळी किंचित इकडे-तिकडे सरकत येतो. छपाई अगदी कडेपर्यंत नेली, तर कधी ना कधी टोनर कागदाबाहेर पडून आतले भाग माखणारच. म्हणून प्रिंटर चारही बाजूंनी पट्टी कोरी ठेवतो. अनेक लेझर प्रिंटरमध्ये ही पट्टी सुमारे ४.२ मिलिमीटर, म्हणजे एक षष्ठांश इंच असते.

शाईच्या प्रिंटरची अडचण वेगळी आहे. तिथे कागद रबरी रुळांच्या पकडीत पुढे सरकतो आणि शाईचे डोके त्यावरून आडवे फिरते. कागदाची शेवटची कड मागच्या रुळांतून सुटली, की कागद एकाच बाजूने धरलेला राहतो आणि हलतो. त्यामुळे काही शाईच्या प्रिंटरमध्ये बाजूंची पट्टी सुमारे ३ मिमी असली, तरी खालची पट्टी त्याहून बरीच रुंद असते. फोटो छापणारे काही प्रिंटर कडेपर्यंत छापतात. ते चित्र थोडे मोठे करून कागदाबाहेरही शाई फवारतात आणि ती शाई आतल्या शोषक पॅडमध्ये जिरते. म्हणजे तिथेही चित्राच्या कडा थोड्या जातातच, फक्त पांढरी पट्टी उरत नाही.

आपल्या प्रिंटरची पट्टी किती रुंद आहे हे मोजणे सोपे आहे. कडेपर्यंत फिक्या करड्या रंगाने भरलेले ए-४ आकाराचे एक पान पीडीएफ करून ते ‘Actual size’वर छापावे आणि चारही बाजूंना उरलेली पांढरी पट्टी मोजपट्टीने मोजावी. पुढच्या सर्व हिशेबांत ही पट्टी चारही बाजूंनी ४.२ मिमी धरली आहे. ए-४ कागद २१० × २९७ मिमी असतो. त्यातून दोन्ही बाजूंचे मिळून ८.४ मिमी वजा केले, की छपाईक्षेत्र २०१.६ × २८८.६ मिमी उरते.

३. कागदाच्या आकाराचा घोटाळा

पीडीएफचे पान आणि कागद एकाच आकाराचे असले, तर फार तर प्रिंटरच्या कोऱ्या पट्टीएवढी कड जाते. त्याहून जास्त गेले, की पहिला संशय कागदाच्या आकारावर घ्यावा.

भारतात आणि जगाच्या बहुतेक भागात ए-४ कागद चालतो. या मालिकेचे मूळ १९२२ सालच्या एका जर्मन मानकात आहे आणि १९७५ मध्ये ती आयएसओ २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. अमेरिकेत मात्र लेटर नावाचा ८.५ × ११ इंचांचा, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिमीचा कागद वापरतात. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. प्रत्यक्षात लेटर ए-४पेक्षा ५.९ मिमीने रुंद आणि १७.६ मिमीने आखूड असतो. अनेक प्रोग्रॅममध्ये कागदाचा आकार मुळात लेटर ठरवलेला असतो. त्यामुळे अमेरिकेत कधी न गेलेल्या माणसाच्या फाइलचे पानही लेटर आकाराचे निघू शकते.

घोटाळा दोन दिशांनी होतो. समजा, पीडीएफ लेटर आकाराची आहे आणि ट्रेमध्ये ए-४ आहे. पान मधोमध ठेवून मूळ मापात छापले, तर रुंदीत दोन्ही बाजूंना सुमारे ३ मिमी कागदाबाहेर जाते आणि त्यात प्रिंटरची ४.२ मिमीची पट्टी मिळते. डाव्या-उजव्या कडेचा सुमारे ७ मिमीचा भाग नाहीसा होतो. वर-खाली मात्र नेहमीपेक्षा जास्त कोरी जागा उरते.

आता उलट बाजू. पीडीएफ ए-४ची आहे, ट्रेमध्येही ए-४च आहे, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद लेटर म्हणून नोंदलेला आहे. संगणक ट्रेमधला कागद पाहत नाही, नोंद मानतो. तो पान २७९.४ मिमी उंचीच्या चौकटीत बसवायला जातो. वर आणि खाली ८.८ मिमी बाहेर पडतात, त्यात ४.२ मिमीची पट्टी मिळून प्रत्येकी १३ मिमी जातात. पानाचा क्रमांक खालच्या कडेपासून १० मिमीवर असेल, तर तो या १३ मिमीत सापडतो आणि उमटत नाही. काही प्रोग्रॅम पान मधोमध आणत नाहीत, एका कोपऱ्याला टेकवतात. तेव्हा सगळी तूट एकाच कडेला पडते.

तिसरा नेहमीचा आकार लीगल, म्हणजे ८.५ × १४ इंच. भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रांचे मसुदे अनेकदा याच आकारात केलेले असतात. लीगलची उंची ३५५.६ मिमी, म्हणजे ए-४पेक्षा ५८.६ मिमी जास्त. हे पान मूळ मापात ए-४वर छापले तर वरच्या-खालच्या ओळीच जातात.

पीडीएफचे खरे माप पाहायला अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबावे. उघडणाऱ्या खिडकीत ‘Page Size’समोर माप दिसते. `8.27 x 11.69 in` म्हणजे ए-४, `8.50 x 11.00 in` म्हणजे लेटर आणि `8.50 x 14.00 in` म्हणजे लीगल. त्यानंतर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कोणता कागद नोंदला आहे ते पाहावे. ही नोंद ट्रेमधल्या कागदाशी जुळत नसेल, तर आधी ती दुरुस्त करावी. ती चुकीची असताना ‘Fit’ निवडले, तर पान चुकीच्या कागदाच्या मापात बसवले जाते.

४. दोन पर्याय नेमके काय करतात

‘Actual size’ निवडले की पीडीएफमधला दर मिलिमीटर कागदावर तेवढाच उमटतो. पान छपाईक्षेत्रात मावते की नाही याची फिकीर केली जात नाही. न मावणारा भाग कापला जातो.

‘Fit’ निवडले की सगळे पान छपाईक्षेत्रात मावेल इतके लहान केले जाते. पान लहान असेल, तर ते मोठेही केले जाते. किती, याचा हिशेब असा: छपाईक्षेत्राची रुंदी भागिले पानाची रुंदी आणि छपाईक्षेत्राची उंची भागिले पानाची उंची, अशी दोन गुणोत्तरे काढायची आणि त्यांतले लहान घ्यायचे. मोठे घेतले, तर एक बाजू बसेल आणि दुसरी बाहेर जाईल.

ए-४ पान ए-४ कागदावर छापताना रुंदीचे गुणोत्तर २०१.६ ÷ २१० म्हणजे ०.९६ येते. उंचीचे गुणोत्तर २८८.६ ÷ २९७ म्हणजे सुमारे ०.९७ येते. लहान ०.९६, म्हणून पान ९६ टक्के होते. बाजूंना ४.२ मिमी कोरे राहतात आणि वर-खाली जवळपास ६ मिमी. १२ पॉइंटचे अक्षर साडेअकरा पॉइंटचे होते आणि वाचताना हा फरक जाणवत नाही. लेटरचे पान ए-४वर ९३ टक्के होते. लीगलचे पान उंचीमुळे ८१ टक्क्यांवर येते आणि त्यातले १२ पॉइंटचे अक्षर १० पॉइंटच्याही खाली जाते. म्हाताऱ्या माणसाला सही करण्याआधी ते वाचायचे असेल, तर ए-४वर आकसवण्यापेक्षा लीगल कागद आणणे बरे.

अॅक्रोबॅटमध्ये ‘Shrink oversized pages’ असा तिसरा पर्याय असतो. तो न मावणारे पान लहान करतो, पण लहान पान मोठे करत नाही. ए-४ कागदावर ए-५ आकाराची पुस्तिका छापताना फरक दिसतो. ‘Fit’ ती सुमारे १३६ टक्के मोठी करतो, तर हा पर्याय ती आहे तशीच ठेवतो. या पर्यायाच्या नावावरून काहींचा समज होतो, की ए-४वर ए-४ छापताना तो काहीच बदलणार नाही. पण मावते की नाही हे छपाईक्षेत्रावरून ठरते. ए-४चे पान ए-४च्या छपाईक्षेत्राहून मोठेच असते, म्हणून तेही आकसते.

५. ब्लाउजच्या कागदी कटिंगचे उदाहरण

आकसलेले पान कुठे नडते, ते शिवणकामात लगेच दिसते. ब्लाउजचे कटिंग पीडीएफमध्ये मिळते. ते ए-४च्या अनेक पानांवर तुकड्या-तुकड्यांनी छापायचे, खुणा जुळवून चिकटवायचे आणि त्यावरून कापड कापायचे, अशी पद्धत असते. समजा, या कटिंगची छाती ३६ इंच आहे आणि ते ‘Fit’वर छापले गेले.

सगळे ९६ टक्के झाले. ३६ चे ९६ टक्के म्हणजे ३४.५६ इंच. ब्लाउज जवळपास दीड इंच तंग होतो. बाह्या आणि गळाही त्याच प्रमाणात आकसतात. तुकडे जोडताना मात्र काहीच खटकत नाही. प्रत्येक पान सारखेच लहान झालेले असते, त्यामुळे खुणा खुणांशी आणि रेषा रेषांशी चोख जुळतात. कापलेले पान पाहताच चूक कळते, पण आकसलेले पान बघून ती कळत नाही. ती अंगात घालतानाच कळते.

म्हणून चांगल्या कटिंगच्या पहिल्या पानावर एक चाचणी-चौकोन दिलेला असतो. बहुधा तो १० सेंटिमीटरचा असतो. आधी फक्त तेच पान ‘Actual size’वर छापून चौकोन धातूच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी मोजावा. शिंप्याची कापडी टेप वापराने ताणलेली असू शकते, ती इथे उपयोगाची नाही. चौकोन ९.६ सेंमी भरला तर कुठेतरी ‘Fit’ लागू झाले आहे असे समजावे. तो ९.२ सेंमीच्या आसपास भरला, तर पान दोनदा आकसले आहे. पीडीएफच्या प्रोग्रॅमने एकदा ९६ टक्के केले आणि प्रिंटरच्या स्वतःच्या ‘Properties’मधल्या तशाच पर्यायाने पुन्हा ९६ टक्के, तर गुणाकार ९२ टक्के होतो. अशा वेळी दोन्ही ठिकाणचे पर्याय बंद करावे लागतात.

चौकोन ९.९५ सेंमी भरला तर ती चूक सेटिंगची नाही. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने कागदातला ओलावा जातो आणि कागद किंचित आकसतो. रुळांची ओढही हुबेहूब सारखी नसते. १० सेंटिमीटरमागे अर्धा मिलिमीटर म्हणजे ३६ इंचांमागे पाव इंचाहून कमी. शिवणात तेवढे खपते.

कटिंगचे पान ‘Actual size’वर छापले तर कडा कापल्या जात नाहीत का? बहुतेकदा नाहीत. ते करणाऱ्याने प्रत्येक पानावर पुरेसा समास आधीच सोडलेला असतो. फाइल लेटरसाठी केलेली असेल आणि ट्रेमध्ये ए-४ असेल, तरीही समासामुळे रेषा सहसा वाचतात. त्या वाचल्या नाहीत, तर पान लहान न करता मोठ्या कागदावर छापावे लागते.

६. कुठे कोणता पर्याय

निवडीची कसोटी एकच आहे: छापलेल्या कागदावर पुढे माप घेतले जाणार आहे का, किंवा तो दुसऱ्या ठरलेल्या मापाच्या वस्तूवर बसायचा आहे का? तसे असेल तर ‘Actual size’ घ्यावे. पान केवळ वाचायचे, सही करायचे किंवा फाइलला लावायचे असेल, तर ‘Fit’ घ्यावे.

शिवणाचे कटिंग पहिल्या गटात येते. १:१०० प्रमाणातला घराचा नकाशाही त्याच गटातला. त्यात ५ मीटरची खोली ५० मिमीची असते. ‘Fit’वर ती ४८ मिमी होते आणि पट्टीने मोजणारा ती ४.८ मीटर समजतो. पत्त्यांची चिकटलेबले हेही याच गटातले उदाहरण. ए-४च्या एका पानावर ६४ × ३४ मिमीची २४ लेबले, आठ ओळींत, असे पान सर्रास मिळते. आठ ओळींची उंची २७२ मिमी. ‘Fit’वर छापले की ही उंची सुमारे ११ मिमीने घटते. पान मधल्या बिंदूकडे आकसते, म्हणून मधल्या ओळी जागेवर दिसतात आणि सगळ्यात वरचे व खालचे पत्ते सुमारे पाच मिमी मध्याकडे सरकलेले दिसतात. मधले बरोबर आणि टोकांचे चुकीचे, हे आकसलेल्या पानाचे लक्षण आहे. सगळीच लेबले एकाच बाजूला सारखी सरकली असतील, तर ट्रेमधला कागद तिरका किंवा सैल बसला आहे.

बिल, पावती, उतारा, तिकीट, भरलेला अर्ज आणि प्रमाणपत्राची जपून ठेवायची प्रत दुसऱ्या गटात येतात. त्यांच्यात चार टक्क्यांनी काही बिघडत नाही, पण कडेची ओळ गेली तर बिघडते. ब्राउझरमधून छापताना क्रोममध्ये ‘Fit to printable area’ आणि ‘Fit to paper’ असे दोन पर्याय दिसतात. दुसरा पर्याय पान कागदाच्या मापात बसवतो, छपाईक्षेत्राच्या नव्हे. त्यामुळे त्यात कडा पुन्हा जाऊ शकतात. या गटासाठी पहिला पर्याय घ्यावा.

कधी दोन्ही गोष्टी हव्या असतात. निमंत्रणपत्रिकेचे माप खरे हवे आणि रंगही कडेपर्यंत हवा. घरच्या प्रिंटरवर ए-४ कागदावर ए-४ आकारात हे जमत नाही. छपाईवाले त्यासाठी रंग पानाच्या कडेबाहेर सुमारे ३ मिमी वाढवतात, मोठ्या कागदावर मूळ मापात छापतात आणि मग कटरने पान कापून काढतात. शहरातल्या डिजिटल छपाईच्या दुकानांत त्यासाठी १२ × १८ इंचांचा कागद सर्रास वापरतात.

७. कापलेल्या पानावरून कारण ओळखणे

चुकीचे पान फेकण्याआधी त्याच्या चारही कडा पाहाव्यात. चारही बाजूंना चार-पाच मिमीच कापले असेल, तर आकार बरोबर आहे आणि प्रिंटरची कोरी पट्टी आड आली आहे. माप महत्त्वाचे नसेल तर ‘Fit’ने काम होते. फक्त डावी-उजवी बाजू कापली गेली आणि वर-खाली जास्त कोरे राहिले, तर पीडीएफ लेटरची आणि कागद ए-४ आहे. वर-खाली एकदोन सेंटिमीटर गेले आणि बाजू शाबूत असल्या, तर बहुधा प्रिंटरमध्ये कागद लेटर म्हणून नोंदलेला आहे. एका बाजूला कापले आणि समोरच्या बाजूला तेवढेच जास्त कोरे राहिले, तर पान मधोमध आलेले नाही, किंवा ट्रेमधल्या कागदाला टेकणाऱ्या पट्ट्या सैल आहेत.

एक शक्यता उरते. स्क्रीनवर पान मोठे करून पाहिले आणि तक्त्याचा शेवटचा रकाना तिथेही नसेल, तर पान छापताना कापलेले नाही. ते पीडीएफ तयार होतानाच कापले गेले. एक्सेलचा रुंद तक्ता पीडीएफ करताना न मावणारे रकाने वेगळ्या पानावर जातात किंवा छापायच्या भागाबाहेर राहतात. जे फाइलमध्येच नाही, ते ‘Fit’ आणि ‘Actual size’ यांपैकी कोणताच पर्याय परत आणू शकत नाही. तेव्हा मूळ तक्ता उघडून पान आडवे करावे, छापायचा भाग नीट ठरवावा आणि पीडीएफ पुन्हा काढावी.